सातची भूक आणि दहाचे जेवण

लग्नाला वर्ष-दीड वर्ष होते, घरात आणखी कुणाचे तरी लग्न निघते आणि कपाटातला शालू बाहेर येतो. साडी नेसता येते, पण ब्लाउजचे हूक लागत नाहीत. शिंप्याने शिवताना आत माया ठेवलेली असते. ती उसवून तो ब्लाउज तेवढ्यापुरता सैल करून देतो. नवऱ्याच्या सूटच्या पँटचीही तीच गत असते. मांडवात भेटणारे नातेवाईक कौतुकाने म्हणतात, ‘लग्न मानवलं हो!’ नोकरी लागून वर्ष झालेला मुलगा गणपतीला गावी आला की त्यालाही असेच काहीसे ऐकायला मिळते. शहराचे पाणी मानवले, पगार अंगी लागला.

या वाढलेल्या वजनाचा दोष बहुतेक वेळा समारंभांवर टाकला जातो. लग्नाआधीची केळवणे, लग्नातल्या पंगती, नंतर घरोघरची जेवणाची आमंत्रणे, मंगळागौर, दिवाळसण, त्या वर्षी अधिक महिना आलाच तर जावयाचे वाण आणि अनारसे. खाणे होते यात शंका नाही. पण हे सगळे दिवस मोजले, तरी वर्षातले तीस-पस्तीसच भरतात. सणासुदीच्या खाण्याने किती वजन वाढते, हे अमेरिकेत मोजून पाहिले गेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांचे वजन तिथल्या सणांच्या हंगामाआधी आणि नंतर घेतले होते. ‘दोन-तीन किलो तरी वाढले असेल’ असे लोकांना वाटत असते. प्रत्यक्षात सरासरी वाढ ३७० ग्रॅम भरली. हे ३७० ग्रॅम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरले नाहीत, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. तरीही शालूचा ब्लाउज होईनासा व्हायला एवढी वाढ पुरत नाही. उरलेले वजन ज्या दिवसांत आले, ते दिवस कुणाच्या फोटोत नसतात. कामावरून घरी येणे, चहा, स्वयंपाक, जेवण, झोप. असे तीनशे तीस साधे दिवस.

नवरा-बायकोची वजने एकमेकांच्या मागे जातात, हे आकडेवारीत स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयरोगाचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांच्या बत्तीस वर्षांच्या नोंदी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडला: जोडीदारांपैकी एक स्थूल झाला, तर दुसरा स्थूल होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९–२१) बावन्न हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती भारतीय संशोधकांनी तपासली. सुमारे २७ टक्के जोडप्यांत दोघांचेही वजन प्रमाणाबाहेर होते. शहरांत हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास, तर खेड्यांत २२ टक्क्यांच्या.

मात्र या आकड्यांवरून ‘लग्नाने वजन वाढते’ असे थेट म्हणणे घाईचे होईल. आपल्याकडे लग्ने ठरतानाच बहुधा सारख्या परिस्थितीतली, सारखे खाणारी घरे जोडली जातात, त्यामुळे दोघांची शरीरे आधीपासूनच एकमेकांसारखी असू शकतात. शिवाय लग्न आणि नोकरी ज्या वयात होतात, त्या पंचविशी-तिशीत अविवाहितांचे वजनही थोडे थोडे वाढतच असते. एवढे वजा केले तरी काहीतरी शिल्लक राहते. अमेरिकेतल्या तरुणांच्या एका मोठ्या अभ्यासात एकटे राहणारे आणि त्याच काळात लग्न करून किंवा लग्नाविना एकत्र राहू लागलेले यांची तुलना केली, तेव्हा स्थूलतेकडे झुकण्याचे प्रमाण जोडीने राहणाऱ्यांत जास्त आढळले. हे जे शिल्लक राहते, ते कुठून येते?

दोन माणसे एकत्र राहू लागली की त्यांच्या सवयींची बेरीज होते, वजाबाकी सहसा होत नाही. त्याला सकाळी पोटभर नाश्ता लागतो, तिला फक्त चहा. तिला दुपारी चारला काहीतरी गोड लागते, त्याला रात्री जेवणानंतर. त्याच्या घरी संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडायची रीत, तिच्या घरी रविवारी सकाळी बाहेरून वडे आणायची. नव्या संसारात प्रत्येकजण दुसऱ्याच्या सवयीत प्रेमाने सामील होतो आणि स्वतःची सोडत नाही. सहा महिन्यांत दोघेही नाश्ता करू लागतात, दोघेही दुपारचे गोड खातात, दोघेही फरसाणाच्या डब्यात हात घालतात. यात खादाडपणा कुणाचाच नसतो. जोडीदाराने पुढे केलेल्या बशीला नाही म्हणणे पहिल्या वर्षात कुणालाच जमत नाही, आणि ते जमावे अशी अपेक्षाही नसते.

खाण्याच्या वेळांचेही तसेच होते, आणि तिथेच सर्वांत मोठी गडबड होते. त्यासाठी एक जोडपे घेऊ. ते काल्पनिक आहे, पण पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही इमारतीत सापडेल असे.

ती साताऱ्याची. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. माहेरी रात्रीचे जेवण साडेसातला व्हायचे, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. नोकरीच्या ठिकाणी जाताना बस स्टॉपपर्यंत आणि परतताना घरापर्यंत मिळून रोज वीस-पंचवीस मिनिटांचे चालणे व्हायचे. लग्नानंतर ती पुण्यात आली. आताही ती साडेसहाला घरी पोचते. नवरा पोचतो साडेनऊला. जेवायचे मात्र दोघांनी मिळून, कारण दिवसभरात एकमेकांचे तोंड पाहायला मिळते ते तेव्हाच. पण तिच्या पोटाला गेली पंचवीस वर्षे साडेसातची सवय आहे. सातला कडकडून भूक लागते. जेवण तर काढायचे नाही, म्हणून ती चहा करते आणि बरोबर चिवडा घेते. मग दहाला नवऱ्याबरोबर व्यवस्थित जेवते, पूर्वीपेक्षा एक पोळी कमी.

आता हिशेब. मूठभर, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम तळलेला चिवडा: १५० कॅलरी. दूध-साखरेचा जादा कप चहा: ६०. कमी केलेल्या पोळीचे ९० वजा करायचे. उरले १२०. नवरा सकाळी दुचाकीवरून सोडतो, म्हणून चालणे गेले. त्यात खर्च होणाऱ्या साधारण ५० कॅलरी वाचल्या. रोजची जादा शिल्लक १७०. रविवारचे हॉटेल यात धरलेलेच नाही.

रोजच्या १७० कॅलरींनी किती वजन वाढेल? जुना ठोकताळा ७,७०० कॅलरींना एक किलो असा होता. त्या हिशेबाने वर्षाला आठ किलो, पाच वर्षांत चाळीस. तसे होत नाही, कारण शरीर वाढले की ते चालवायला लागणारी ऊर्जाही वाढते आणि वजन एका ठिकाणी येऊन थांबते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये याचे सुधारित गणित मांडले. कामचलाऊ स्वरूपात ते असे: रोज साधारण २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजन अखेर एका किलोने बदलते. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात होतो आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत पुरा होतो. हा आकडा सरासरीचा आहे, व्यक्तीगणिक तो कमीजास्त होणार. या बाईला तो लावला, तर १७० कॅलरींचे अखेर सात किलो होतात आणि पहिल्या वर्षात साडेतीन.

साडेतीन किलो म्हणजे ५७.५ किलो. तिच्या उंचीला याचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, बरोबर २३ येतो. भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेहही कमी वजनावर गाठतो, म्हणून आपल्याकडच्या तज्ज्ञांनी जादा वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली आहे आणि स्थूलतेची २५ वर. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी ही मुलगी त्या पहिल्या रेषेवर उभी असते. तीन वर्षांनी, ६१ किलोला, ती २४.४ वर असेल. कारण काय, तर सातचा चहा-चिवडा आणि दुचाकीवरची मागची सीट.

यात उशिरा जेवण्याचा स्वतंत्र वाटाही आहे. बॉस्टनमधल्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२२ साली सोळा जादा वजनाच्या माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना एकदा नेहमीच्या वेळी आणि एकदा तेच जेवण चार तास उशिरा दिले. अन्न तेच, प्रमाण तेच, झोपही तीच. उशिराच्या वेळापत्रकात भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी झाले आणि शरीराचा ऊर्जाखर्चही थोडा घटला. प्रयोग छोटा होता आणि काही दिवसांचाच, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण रात्री साडेदहाला जेवून अकराला अंथरुणावर पडणाऱ्या माणसाला सकाळी भूक का लागत नाही आणि दुपारी चारला ती का अनावर होते, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

आता त्याच्याकडे वळू. लग्नाआधी तो चार वर्षे खाणावळीत जेवत होता. मालक ताटात मोजून तीन-चार पोळ्या वाढायचा, भाजीची वाटी ठरलेली, भात एक मूद. जादा पोळीला जादा पैसे. चवीची तक्रार असे, पण ते ताट आपोआप मोजलेले होते. घरी आता तव्यावरून थेट पानात पडणारा गरम फुलका, वर तुपाचा चमचा. एकेक येणारा फुलका मोजला जात नाही आणि ‘अजून एक घे ना’ म्हटल्यावर पाचवाही जातो. एका जादा पोळीचे ९० आणि चमचाभर तुपाचे ४५ मिळून १३५ कॅलरी. वरच्याच गणिताने अखेर साडेपाच किलो. मुलगा सुधारला, असे त्याच्या आईला वाटते आणि घरच्या अन्नाचे तेच तर सुख आहे. फक्त खाणावळीच्या मालकाने धरलेला हिशेब आता कुणीच धरत नाही.

सोबतीने जेवताना माणूस जास्त खातो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८० च्या दशकाअखेरीपासून केलेल्या मालिकेत दाखवून दिले. लोकांनी रोज काय, किती आणि कुणाबरोबर खाल्ले याच्या वह्या लिहून ठेवल्या. एकट्याच्या जेवणापेक्षा सोबतीचे जेवण सरासरी ४४ टक्क्यांनी मोठे निघाले. यातला मोठा भाग वेळेचा असतो, कारण गप्पा रंगतात, पान समोर असते आणि हात चालू राहतो. दुसरा भाग अनुकरणाचा. समोरचा थांबेपर्यंत आपणही थांबत नाही.

हे अनुकरण बाईला जास्त महागात पडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या गरजांनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी लागतात आणि ५५ किलोच्या बाईला १,६६०. साडेचारशे कॅलरींचा हा फरक एका छोट्या जेवणाएवढा आहे. पण दोघांचे ताट एकाच मापाचे, ताटातली वाटी एकाच संचातली, आणि पिझ्झा मागवला तर तुकडे निम्मेनिम्मे. त्यात ‘उरलंय थोडं, टाकायचं कशाला’ म्हणून पातेल्यातला शेवटचा भात जिच्या पानात जातो, ती बहुधा तीच असते.

पहिल्या नोकरीची गोष्ट वेगळी वाटते, पण तिच्यातही दुसऱ्यांच्या वेळापत्रकात सामील होणेच असते. फक्त इथे जोडीदाराच्या जागी टीम येते. लातूर किंवा सांगलीहून पुण्याच्या हिंजवडीत आलेल्या मुलाचा कॉलेजातला दिवस आठवा. वसतिगृहातून वर्गापर्यंत चालत, प्रयोगशाळेत उभे, संध्याकाळी मैदानावर. आता कंपनीची बस दारात घेते आणि दारात सोडते. वाहतुकीच्या कोंडीत दोन-अडीच तास बसून जातात, कार्यालयात आठ-नऊ तास. आणि खाणे कमी होण्याऐवजी वाढते.

याचे एक जुने आणि भारतातलेच उदाहरण आहे. पोषणतज्ज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध केला. एकाच गिरणीच्या आवारात दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार होते, कारकून होते आणि ओझी वाहणारे मजूरही. मजूर जास्त खात आणि सडपातळ राहत, हे अपेक्षित होते. हलके काम करणारे मजुरांपेक्षा कमी खात आणि त्यांचेही वजन आटोक्यात असे. पण जवळजवळ हालचालच नसलेले दुकानदार कमी खाण्याऐवजी हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि तेच सर्वांत वजनदार होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्याबरोबर खाली जात नाही, असा याचा अर्थ मेयर यांनी लावला. गिरणीतल्या त्या गल्ल्यावर आज संगणक आला आहे.

कार्यालयातला चहा हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. अकराला एक, दुपारी साडेतीन-चारला एक, सहाच्या सुमारास एक. एकजण उठतो आणि चौघे निघतात. कामाच्या ठिकाणी ओळखी होतात, अडचणी सुटतात त्या याच फेऱ्यांत, म्हणून ‘मी येत नाही’ म्हणणे नव्या माणसाला परवडत नाही. यंत्रातून येणाऱ्या चहाच्या पावडरीत साखर बहुधा आधीच मिसळलेली असते, त्यामुळे ‘अर्धा चमचा’ म्हणण्याची सोयही नाही. टपरीवर चहाबरोबर क्रीमरोल किंवा वडापाव येतो. तीन कप आणि चार बिस्किटे मिळून अडीचशे-तीनशे कॅलरी होतात, आणि ‘आज काय खाल्लं’ असे विचारले तर त्या कुणाला आठवत नाहीत. डबा घरचाच असतो, मग वजन का वाढले, असा प्रश्न पडणाऱ्या बहुतेकांचे उत्तर डब्याबाहेर असते. यावर उपाय फेरी सोडण्याचा नाही. चौघांबरोबर जावे, आणि तीनपैकी दोन वेळा कोरा चहा किंवा नुसते पाणी घ्यावे. सोबत तशीच राहते.

प्रत्येक वाढ काळजीची नसते, हेही इथेच सांगायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे १९ टक्के बायका आणि १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश आढळले. पंचेचाळीस किलोची, रक्त कमी असलेली मुलगी लग्नानंतर पन्नासवर गेली, तर तिला खरोखरच लग्न मानवले आहे. उलट काही सासरी नवी सून सर्वांत शेवटी जेवते, भूक लागली तरी फ्रिज उघडायला बिचकते आणि वर्षात खंगते. तिच्या बाबतीत कॅलरी मोजण्याचा विषयच नाही. तिला आधी वेळेवर आणि पोटभर जेवायला मिळायला हवे.

आणि काही वाढ खाण्याने होतच नाही. लग्नानंतर बाईचे वजन वाढले की ‘शरीरसंबंधांनी अंग भरते’ असे कुजबुजले जाते. त्याला शरीरशास्त्रात काहीही आधार नाही. गर्भनिरोधक गोळ्यांवर खूप संशोधन झाले आहे आणि नेहमीच्या मिश्र गोळ्यांनी मोठी वजनवाढ होते असे त्यात आढळलेले नाही. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचे मात्र वेगळे आहे. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळणाऱ्या या इंजेक्शनाने काही बायकांचे वजन वाढते, म्हणून ते सुरू करताना वजन नोंदवून ठेवावे आणि वाढ दिसली तर दुसऱ्या साधनाबद्दल विचारावे. थायरॉइड मंदावला असेल तर वजनासोबत थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, सतत थंडी वाजणे, पाळीत बदल अशी लक्षणे येतात. त्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंचे असते आणि त्यात पाणी-क्षारांचा वाटा मोठा असतो. पंधरा किलोंचा दोष एकट्या थायरॉइडवर टाकता येत नाही. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएसची तपासणी करावी. आठवड्याभरात दोन-तीन किलो वाढून पाय सुजले, दम लागू लागला, तर ते साठलेले पाणी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिनचर्येने येणारे वजन असे धावत येत नाही. ते महिन्याला दोनशे-चारशे ग्रॅमच्या पावलांनी येते.

पावले इतकी लहान असल्यामुळेच ती कळत नाहीत. नाडीची सलवार, लेगिंग, इलॅस्टिकची ट्रॅक पँट हे सगळे कपडे वाढत्या कमरेला मुकाट्याने जागा करून देतात. त्यापेक्षा शिंप्याकडची टेप बरी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता कंबर मोजायची. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० ही मर्यादा. महिन्यातून एकदा, दोघांची, एकाच दिवशी.

दुसरे मोजमाप स्वयंपाकघरातले आहे आणि ते वजनकाट्याच्याही आधी इशारा देते. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसाचे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. दोघांचे ५४. एक लिटर तेलाची पिशवी साधारण ९१० ग्रॅमची असते. ती दोघांत सतरा दिवस पुरायला हवी, तीही तूप अजिबात न धरता. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. ती बारा दिवसांत संपली, तर कुणाचा हात सढळ आहे हे भांडण न करता समजते. सासरची पद्धत की माहेरची, कोल्हापुरी रश्श्याची तर्री की कोकणातले वाटण, हा वाद वर्षभर चालू शकतो. तारखेशी मात्र वाद घालता येत नाही. हॉटेलचे आणि फरसाणातले तेल या हिशेबात येत नाही, ते वेगळेच.

पण सर्वांत मोठा फरक पडेल तो जेवणाच्या वेळेने. वर सांगितलेल्या बाईने सातला चहा-चिवड्याऐवजी सरळ आपले जेवण जेवावे: दोन पोळ्या, भाजी, आमटी. नवरा साडेनऊला आला की त्याच्यासमोर ताकाचा पेला किंवा सॅलडची वाटी घेऊन बसावे. गप्पा तेवढ्याच होतात, पान फक्त एक असते. शनिवार-रविवारी दोघांनी आठला एकत्र जेवावे. ज्या घरात नवरा आधी येतो, तिथे त्यानेही हेच करावे. हे सोपे वाटते, पण कित्येक घरांत अडते, कारण नवऱ्याआधी जेवणे अजूनही काहींना खटकते. म्हणून हे बोलायचे असेल तर नवऱ्याने बोलावे, आपल्या आईसमोर बोलावे, आणि पहिल्या काही महिन्यांतच बोलावे. दोन वर्षांनी ती घराची रीत झालेली असते, आणि रीत मोडणे वेळ बदलण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

एकाने बदल केला तर दुसऱ्याला त्याचा फायदा होतो, याचे पुरावे आहेत. कनेक्टिकट विद्यापीठातल्या एमी गोरिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली १३० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जोडीतल्या एकालाच वजन कमी करण्यासाठी मदत मिळाली होती. सहा महिन्यांनी, ज्यांना काहीच मदत मिळाली नव्हती अशा जोडीदारांपैकीही सुमारे एक तृतीयांश जणांचे वजन तीन टक्के किंवा त्याहून जास्त उतरले होते.

तेव्हा ज्यांचे नुकतेच लग्न झाले आहे किंवा पहिली नोकरी लागली आहे, त्यांनी या आठवड्यात दोन आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत: आजचे वजन आणि आजची कंबर. सहा महिन्यांत वजन दोन किलोंपेक्षा जास्त वाढलेले दिसले, तर खाणे अर्ध्यावर आणण्याची घाई करू नये. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात काय काय पोटात गेले, ते चार दिवस कागदावर उतरवावे आणि त्यातली एकच गोष्ट बदलावी. कंबर ८० किंवा ९० च्या पुढे गेली असेल आणि घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, तर वय तिशीच्या आत असले तरी उपाशीपोटीची रक्तशर्करा एकदा तपासून घ्यावी.